इटलीतल्या घराचा वीज-दाखला आणि उपकरणांवरची पट्टी कशी वाचायची

इटलीत जुना फ्लॅट घेताना विक्रेता जी फाइल देतो, तिच्यात बहुतेक वेळा दोन-तीन पानांचा एक छापील नमुना असतो. त्याचं नाव ‘दिकियारात्सिओने दि कॉन्फॉर्मिता’. बोलताना सगळे ‘दिको’ म्हणतात. घर दाखवणारा एजंट तो पुढे करून सांगतो की विजेचा दाखला आहे, काळजी नको. भाषा येत नसेल तर आपण शिक्का आणि सही पाहतो आणि कागद फाइलमध्ये परत ठेवतो.

हा दाखला घराचा नसतो, एका कामाचा असतो. अमुक कंपनीने, अमुक तारखेला, घराच्या अमुक भागात विजेचं जे काम केलं ते नियमाप्रमाणे आहे, एवढंच तो सांगतो. त्यामुळे भाषांतर करून घेताना किंवा स्वतः करताना सगळ्यात महत्त्वाची ओळ कामाचं वर्णन करणारी असते, आणि नेमकी तीच ओळ लोक वाचत नाहीत. महाराष्ट्रात नवीन जोडणीसाठी परवानाधारक ठेकेदार टेस्ट रिपोर्ट देतो, तो आठवला तर या कागदाची जात लक्षात येईल. इटलीत मात्र हा कागद घरमालकाकडे राहतो, घराबरोबर हस्तांतरित होतो आणि पुढे अनेकदा विचारला जातो.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, तोरिनोत नोकरी करणाऱ्या एका मराठी जोडप्याने १९६८ साली बांधलेल्या इमारतीत ८५ चौरस मीटरचा फ्लॅट घेतला आहे. विक्रेत्याने २०१४ सालची दिको दिली आहे. घरात गॅसवरची काल्दाया म्हणजे हीटिंगचा बॉयलर आहे, न्हाणीघरात विजेचा गिझर आहे, एक एसी आणि वॉशिंग मशीन आहे. गॅसची शेगडी काढून इंडक्शन बसवायचा त्यांचा विचार आहे.

दिको कुठून वाचायला घ्यायची

आज वापरात असलेला नमुना २००८ सालच्या ३७ क्रमांकाच्या मंत्रालयीन आदेशाबरोबर आला आणि २०१० मध्ये त्यात सुधारणा झाली. त्याआधीच्या दिको १९९० च्या ४६ क्रमांकाच्या कायद्याखालच्या असतात. म्हणून कागदावर ‘४६/९०’ दिसलं तर काम जुनं आहे आणि ‘३७/०८’ दिसलं तर २००८ नंतरचं आहे, एवढं पहिल्याच नजरेत कळतं.

त्यानंतर अक्षर पाहायचं. हा आदेश इमारतीतल्या यंत्रणांना अक्षरं देतो. ‘आ’ म्हणजे वीज, ‘बी’ म्हणजे अँटेना वगैरे, ‘ची’ म्हणजे हीटिंग आणि एसी, ‘दी’ म्हणजे पाणी आणि ‘ए’ म्हणजे गॅस. ही इटालियन वर्णमालेची अक्षरं आहेत, क्रम रोमन लिपीतलाच. घराच्या फाइलमध्ये दोन-तीन दिको असू शकतात आणि सगळ्यांचा नमुना हुबेहूब सारखा असतो. बॉयलर बदलणाऱ्या गॅस फिटरने दिलेली दिको विजेची समजून जपून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. वर ‘इंपियांतो एलेत्त्रिको’ लिहिलंय ना, हे तपासूनच पुढे जायचं.

नमुन्याची सुरुवात ‘इल सोत्तोस्क्रित्तो’ने होते, म्हणजे ‘खाली सही करणारा’. हा कंपनीचा मालक किंवा कायदेशीर प्रतिनिधी. पुढे कंपनीचं नाव आणि व्यापार नोंदणीचा क्रमांक येतो. मग ‘एझेकुत्रीचे देल्लिंपियांतो’, म्हणजे ही यंत्रणा बसवणारी कंपनी, आणि त्याच्यापुढे कंसात ‘देस्क्रित्सिओने स्केमातिका’, म्हणजे थोडक्यात वर्णन. कामाचं वर्णन करणारी ओळ म्हणतो ती हीच. तिच्या लगेच खाली ‘इंतेझो कोमे’ असे शब्द येतात आणि चौकोनांची रांग असते: नुओवो इंपियांतो म्हणजे संपूर्ण नवी यंत्रणा, त्रास्फोर्मात्सिओने म्हणजे आहे त्यात मोठा बदल, आंप्लियामेंतो म्हणजे वाढ, नवीन लाइन ओढणं, मानुतेन्त्सिओने स्त्राओर्दिनारिया म्हणजे रोजच्या डागडुजीपलीकडची दुरुस्ती, आणि शेवटी आल्त्रो, म्हणजे इतर.

आपल्या जोडप्याच्या कागदावर आंप्लियामेंतोवर फुली आहे. वर्णनात लिहिलंय की नवा वितरण बोर्ड बसवला, स्वयंपाकघराची लाइन नवी ओढली आणि एसीसाठी स्वतंत्र लाइन टाकली. म्हणजे बेडरूम, हॉल आणि न्हाणीघरातल्या भिंतींमधल्या तारांबद्दल हा कागद एक अक्षरही बोलत नाही. त्या १९६८ सालच्या असतील किंवा मधल्या काळात बदललेल्या असतील. विक्रेत्याला विचारल्यावर कळतं की १९९६ मध्ये वडिलांनी सगळं वायरिंग नवं केलं होतं, पण तेव्हाचा कागद सापडत नाही. या माहितीचं काय करायचं ते पुढे पाहू.

यानंतर ‘कॉमिस्सियोनातो दा’, म्हणजे काम कोणी सांगितलं, मग पत्ता आणि ‘दि प्रोप्रियेता दि’, म्हणजे मालक कोण. पत्त्यात जिना, मजला आणि ‘इंतेर्नो’ अशी खूण असते. इंतेर्नो म्हणजे फ्लॅटचा क्रमांक. तो आपल्या फ्लॅटचाच आहे ना, हे पाहून घ्या. एकाच मालकाचे त्याच इमारतीत दोन फ्लॅट असले की कागदांची अदलाबदल होते.

मधोमध मोठ्या अक्षरांत ‘दिकियारा’ येतं: स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर करतो की यंत्रणा ‘रेगोला देल्लार्ते’प्रमाणे बसवली आहे. शब्दशः पाहिलं तर इथे ‘कलेचा नियम’ असा विनोदी अर्थ निघतो. कायद्यातला अर्थ ‘त्या धंद्याच्या मान्य तांत्रिक पद्धतीप्रमाणे’ असा आहे. घरगुती विजेसाठी ही पद्धत म्हणजे इटलीच्या विद्युत तंत्र समितीची, चेईची, ६४-८ क्रमांकाची मानकसंहिता. म्हणून दिकोत कुठेतरी ‘चेई ६४-८’ लिहिलेलं असायला हवं. नंतर चार मुद्दे येतात: आराखडा पाळला, लागू मानक पाळलं, जागेला साजेसं सामान वापरलं, आणि तपासण्या करून निकाल समाधानकारक आला.

शेवटाकडे ‘देक्लीना’ने सुरू होणारं एक वाक्य असतं. दुसऱ्या कोणी यंत्रणेत ढवळाढवळ केली किंवा देखभाल झाली नाही, तर होणाऱ्या अपघाताची जबाबदारी कंपनी घेत नाही, असं ते सांगतं. २०१४ नंतर कोणी हौशीने एखादं सॉकेट जोडलं असेल तर त्याच्यापुरता हा दाखला गप्प आहे.

जोडलेले कागद नसतील तर

नमुन्यात ‘आल्लेगाती ओब्लिगातोरी’ अशी यादी असते, म्हणजे सक्तीची सहपत्रं. त्यात आराखडा किंवा बसवलेल्या यंत्रणेची आकृती, वापरलेल्या सामानाची माहिती देणारं टिपण, आधीच्या दिको असतील तर त्यांचा उल्लेख, आणि कंपनीच्या पात्रतेच्या दाखल्याची प्रत येते. आदेशाप्रमाणे सामानाचं टिपण आणि आराखडा हे दिकोचाच भाग आहेत. विक्रेत्याने फक्त सहीचं पान दिलं असेल तर तुमच्या हाती अर्धाच कागद आला आहे, हे लक्षात ठेवा. राहिलेलं मागून घ्या.

यात घरमालकाला सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती आकृती, ‘स्केमा’. बोर्डमधल्या प्रत्येक स्विचवर काय लिहिलंय आणि तिथून किती जाडीची तार कुठे जाते, हे तिथे दिसतं. आपल्या उदाहरणात आकृतीवर पुढच्या गोष्टी आहेत. मीटरपासून फ्लॅटपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तार. बोर्डच्या तोंडाशी २५ अँपिअरचा मुख्य स्विच. त्यानंतर दोन ‘दिफ्फेरेन्त्सियाले’, म्हणजे आपण ज्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो ते. त्यांच्याखाली छोटे एमसीबी, ज्यांना तिथे ‘मान्येतोतेर्मिको’ म्हणतात: दिव्यांसाठी १० अँपिअर, स्वयंपाकघरासाठी १६, एसीसाठी १६.

ईएलसीबीला सामान्य इटालियन माणूस ‘साल्वाविता’ म्हणतो, म्हणजे जीव वाचवणारा. त्याच्यावर ‘०,०३ ए’ लिहिलेलं असतं. तो स्वल्पविराम आपला दशांशबिंदू आहे, म्हणजे ३० मिलिअँपिअर. इतकी वीज वाट चुकून अर्थमधून किंवा माणसाच्या अंगातून गेली की तो पडतो. त्याच्या तोंडावर लाटेचं एक चिन्हही असतं. नुसती एक लाट असेल तर तो ‘आचि’ प्रकारचा असतो, आणि लाटेखाली अर्ध्या लाटांची दुसरी रेघ असेल तर ‘आ’ प्रकारचा. आजच्या वॉशिंग मशीन, इंडक्शन आणि इन्व्हर्टर एसीत इलेक्ट्रॉनिक्स असतं. त्यात बिघाड झाला तर गळणारी वीज साध्या लाटेसारखी नसते आणि आचि प्रकार ती कदाचित पकडणारच नाही. म्हणून या लाइनींवर आ प्रकार हवा. बोर्ड नवा करायचाच असेल तर यावर पैसे वाचवू नयेत असं मला ठामपणे वाटतं. ‘टी’ अक्षराचं बटण चाचणीसाठी असतं. अनेक उत्पादक ते महिन्यातून एकदा दाबायला सांगतात. दाबल्यावर खटका पडला नाही तर त्या दिवशीच इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सहीच्या जागी दोन नावं असतात, कंपनीचा तांत्रिक जबाबदार आणि जाहीर करणारा. छोट्या कंपनीत दोन्ही एकच माणूस असतो. साध्या घरगुती कामाचा आराखडा हाच तांत्रिक जबाबदार करू शकतो. मंजूर भार ६ किलोवॅटच्या वर असेल किंवा घर ४०० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर मात्र नोंदणीकृत अभियंता किंवा तंत्रज्ञाची सही लागते.

१९९६ चा हरवलेला कागद

काम २७ मार्च २००८ च्या आधीचं असेल आणि दिको कधी झालीच नसेल किंवा सापडत नसेल, तर कायद्याने एक पर्याय दिला आहे: ‘दिकियारात्सिओने दि रिस्पोन्देन्त्सा’, बोलीत ‘दिरी’. किमान ५ वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत तज्ज्ञ प्रत्यक्ष येतो, तपासण्या करतो आणि यंत्रणा नियमाला धरून आहे असं स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देतो. साध्या घरांसाठी तेवढाच अनुभव असलेला कंपनीचा तांत्रिक जबाबदारही हे करू शकतो. जोडप्याच्या १९९६ च्या वायरिंगसाठी हाच मार्ग आहे. त्याआधी नगरपालिकेच्या, म्हणजे ‘कोमूने’च्या बांधकाम खिडकीवर जुनी प्रत मागून पाहावी, कधीकधी ती मिळते आणि तपासणीचा खर्च वाचतो.

२००८ नंतरच्या कामासाठी दिरी चालत नाही. त्या कामाची दिको हरवली असेल तर कंपनीकडून किंवा कोमूनेतून प्रत काढावी लागते. ती मुळात दिलीच गेली नसेल तर प्रकरण गुंतागुंतीचं होतं. म्हणून खरेदीखतावर, म्हणजे ‘रोजितो’वर, सही करायच्या आधी हा प्रश्न सोडवा. दिको नाही म्हणून खरेदीखत अडत नाही. तेव्हा हा धोका कोणी घ्यायचा ते दोन्ही पक्षांनीच ठरवायचं असतं, आणि नोतायो, म्हणजे खत करणारा अधिकारी, ते खतात लिहितो. इटालियन न कळता त्या कलमावर सही करू नका. विजेचं सगळं आहे त्या अवस्थेत स्वीकारतो, असं त्यात लिहिलेलं असू शकतं.

आणखी एक बारीक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १३ मार्च १९९० च्या आधीच्या घरगुती यंत्रणेला कायदा काही अटींवर ‘पुरेशी’ मानतो. सुरुवातीला मुख्य स्विच आणि ओव्हरलोडपासून संरक्षण हवं. उघड्या तारेला हात लागणार नाही अशी व्यवस्था हवी. आणि उपकरणाच्या धातूच्या बॉडीत वीज उतरली तर त्यापासून संरक्षण किंवा ३० मिलिअँपिअरचा साल्वाविता हवा. यातला ‘किंवा’ फार महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थ असा की भिंतीत अर्थची तारच नाही अशी घरं कायद्याच्या नजरेत पुरेशी ठरू शकतात. सॉकेटला तीन भोकं असली तरी मधल्या भोकाला तार जोडलेली असेलच असं नाही. हे डोळ्यांनी दिसत नाही. इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक खोलीत मोजून घ्या आणि कुठे अर्थ नाही ते कागदावर लिहून घ्या. अर्थची तार हिरवी-पिवळी असते, न्यूट्रल निळी, आणि फेज तपकिरी, काळी किंवा करडी.

पट्टीवरचे आकडे

आता उपकरणांकडे. मागे किंवा दाराच्या आत चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीला ‘तार्गेत्ता’ म्हणतात. ती वाचताना पहिली अडचण आकडे लिहिण्याच्या पद्धतीची येते. इटालियन पद्धतीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब असतं, म्हणजे आपल्या बरोबर उलट. गिझरवर ‘१.२०० डब्ल्यू’ दिसलं तर ते बाराशे वॅट आहेत, एक पूर्णांक दोन वॅट नव्हे. एसीवर ‘१,०५ केडब्ल्यू’ म्हणजे एक हजार पन्नास वॅट. टिंब आणि स्वल्पविराम मिसळून लिहिलेल्या पट्ट्याही दिसतात, म्हणून आकडा पटतो का हे एकदा मनाशी पाहा. गिझर दीड वॅटचा नसतो.

दुसरी अडचण मोठी आहे. ‘पोतेन्त्सा’ म्हणजे पॉवर, पण कसली पॉवर ते पुढचा शब्द सांगतो. ‘पोतेन्त्सा आस्सोर्बिता’ म्हणजे उपकरण विजेच्या तारेतून किती ओढतं. घराच्या भारासाठी फक्त हा आकडा धरायचा. एसीच्या पट्टीवर ‘राफ्रेद्दामेंतो’खाली ३,५ किलोवॅट लिहिलंय, ती थंड करण्याची क्षमता आहे, त्यासाठी एसी वीज ओढतो १,०५ किलोवॅट. ‘रिस्काल्दामेंतो’ म्हणजे गरम करणं, त्याचे आकडे वेगळे असतात. दोन्ही आस्सोर्बिता आकड्यांपैकी मोठा धरा.

बॉयलरच्या बाबतीत हा गोंधळ लोकांची झोप उडवतो. काल्दायाच्या पट्टीवर ‘पोर्ताता तेर्मिका’ २४ किलोवॅट असतं आणि घराचा मंजूर भार ३ किलोवॅट. भीती वाटणं साहजिक आहे, पण ते २४ किलोवॅट गॅस जळून मिळणाऱ्या उष्णतेचे आहेत. त्याच पट्टीवर खाली २३० व्होल्टच्या शेजारी विजेचा आकडा असतो, शंभर-सव्वाशे वॅटच्या आसपास. तो पंप, पंखा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा.

बाकीच्या ओळींपैकी ‘मोदेल्लो’ म्हणजे मॉडेल आणि ‘मात्रीकोला’ म्हणजे अनुक्रमांक. सर्व्हिस सेंटरला फोन करताना दोन्ही लागतात. गिझरवरचा ‘प्रेस्सिओने’ पाण्याचा दाब आहे, ०,८ मेगापास्कल म्हणजे ८ बार. चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर उपकरणाला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि त्याला अर्थ लागत नाही, जसं हेअर ड्रायरला. हे चिन्ह नसेल आणि प्लगला अर्थ असेल, जसं वॉशिंग मशीन, गिझर, ओव्हनला, तर अर्थ नसलेल्या सॉकेटमध्ये ते लावू नका. वर अर्थ मोजून घ्या म्हटलं ते यासाठीच.

पुण्या-मुंबईहून मिक्सर नेणाऱ्यांसाठी एक वाक्य: दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहेत, म्हणून ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त अर्थसकट जोडणारा चांगला अडॅप्टर किंवा इलेक्ट्रिशियनने बदललेला प्लग हवा. इटालियन प्लगमध्ये तीन पिना एका ओळीत असतात आणि मधली अर्थची. १० अँपिअरच्या पिना बारीक, १६ अँपिअरच्या जाड. जर्मन पद्धतीच्या गोल प्लगची अर्थ कडेच्या पट्ट्यांतून येते. इटलीत विकल्या जाणाऱ्या अनेक वॉशिंग मशीनना तोच प्लग असतो, आणि साध्या इटालियन सॉकेटमध्ये स्वस्त अडॅप्टरने तो बसवला तर अर्थ तुटू शकते. या मशीनमागे जर्मन प्लग घेणारं सॉकेटच बसवून घेणं बरं.

कागद आणि पट्टी एकत्र लावून पाहू

जोडप्याच्या वीजबिलावर ‘पोतेन्त्सा इंपेन्याता’ ३ किलोवॅट आहे. हा आपल्याकडचा मंजूर भार. शेजारी ‘पोतेन्त्सा दिस्पोनीबिले’ ३,३ किलोवॅट, म्हणजे दहा टक्के जास्त. एवढी वीज सतत वापरता येते. त्यापलीकडे गेलात तर मीटर थोडा वेळ सहन करतो आणि मग खटका पाडतो. जितकं जास्त ओढाल तितक्या लवकर.

रविवारी सकाळी गिझर चालू आहे, १२०० वॅट. वॉशिंग मशीन पाणी तापवतंय, १९०० वॅट. ते पाणी तापेपर्यंतच एवढं ओढतं. दोन्ही मिळून ३१०० होतात आणि चालून जातात. त्यात एसी थंडाव्यासाठी लावला, १०५० वॅट, की बेरीज ४१५० होते. काही वेळाने अंधार. बोर्ड उघडून पाहिलं तर सगळे खटके वर आहेत. ही खूण लक्षात ठेवा: बोर्डमधले खटके वर आणि घर बंद, तर तळमजल्यावरच्या मीटरचा खटका पडलाय, भार जास्त झालाय. एखादा एमसीबी पडला असेल तर त्या लाइनवर ओव्हरलोड किंवा शॉर्ट आहे. साल्वाविता पडला असेल तर कुठेतरी वीज गळतेय. तेव्हा त्याच्याखालच्या लाइनींवरची उपकरणं प्लगमधून काढून एकेक परत लावली की दोषी सापडतं. एकही उपकरण लावलेलं नसताना पडला तर दोष तारांत आहे, तिथे हात घालू नका.

मंजूर भार वाढवणं तसं सोपं आहे. २०१७ पासून ६ किलोवॅटपर्यंत अर्ध्या-अर्ध्या किलोवॅटच्या टप्प्याने वाढवता येतो आणि अर्ज वीज विकणाऱ्या कंपनीकडे करायचा असतो. समजा ४,५ घेतला. वापरता येणारी वीज ४९५० वॅट होते. २३० ने भागलं तर साडेएकवीस अँपिअर. आता दिकोची आकृती पुन्हा काढा. मीटरपासून ६ चौरस मिलिमीटरची तार आणि २५ अँपिअरचा मुख्य स्विच, म्हणजे हे बसतं. आकृतीवर १६ अँपिअरचा मुख्य स्विच असता तर भार वाढवूनही उपयोग नव्हता. मीटरऐवजी घरातला स्विच पडला असता. आणि कोणी स्विच बदलून मोठा बसवला आणि तार बारीकच ठेवली, तर तार भिंतीत तापत राहते आणि काहीच पडत नाही. अशा ‘दुरुस्ती’पासून फार सांभाळून राहा.

आता इंडक्शन. त्याच्या पट्टीवर ७.२०० वॅट आहे, सगळ्या चुली पूर्ण जोरात चालल्या तर ओढायची वीज. हा आकडा पाहून दुकानदार ६ किलोवॅटचा भार घ्यायला सांगतो. ६ ला पोहोचलं की नियम बदलतो: यंत्रणेत काहीही काम न करता नुसता भार ६ किलोवॅटपर्यंत नेला तरी वितरण कंपनीला दिकोची प्रत द्यावी लागते. जोडप्याकडे आहे ती फक्त स्वयंपाकघर, बोर्ड आणि एसीची. १९९६ चा भाग उघडाच आहे. ६ च्या वर गेलं तर नवीन कामाचा आराखडाही नोंदणीकृत तज्ज्ञाचाच लागेल.

त्यांच्यासाठी मी असं करेन. आधी कोमूनेत १९९६ ची प्रत शोधायची. नाही मिळाली तर दिरी करून घ्यायची, आणि त्याच भेटीत सगळ्या खोल्यांमधली अर्थ मोजून घ्यायची. मंजूर भार ४,५ वर ठेवायचा. इंडक्शन असं घ्यायचं की ज्यात कमाल पॉवर कमी करून ठेवता येते. ही सोय बऱ्याच मॉडेलमध्ये असते आणि बसवणारा मेनूमधून ती लावून देतो. साडेतीन हजार वॅटवर लावलं तर २३० व्होल्टला सव्वापंधरा अँपिअर होतात, म्हणजे ते स्वयंपाकघराच्या १६ अँपिअरच्या लाइनवर वॉशिंग मशीनबरोबर चालणार नाही. त्यासाठी बोर्डपासून स्वतंत्र लाइन ओढावी लागेल, आ प्रकारच्या साल्वाविताखाली. ते काम म्हणजे पुन्हा आंप्लियामेंतो, आणि त्याची नवी दिको मागून घ्यायची. वर्णनाच्या ओळीत इंडक्शनची लाइन स्पष्ट लिहिली आहे, २०१४ च्या दिकोचा उल्लेख सहपत्रांत आहे आणि आकृती जोडली आहे, हे पैसे चुकते करण्याच्या आधी पाहायचं.